सांधा दिसू नये म्हणून: हवाई छायाचित्रांच्या जोडकामाचा इतिहास

१/
आजचा धागा एका रेषेविषयी आहे. दोन हवाई छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली की त्यांच्या मधोमध जी रेषा उमटते, ती. एका बाजूची जमीन उजळ, दुसऱ्या बाजूची किंचित काळपट. ही रेषा पुसण्यासाठी माणसांनी शंभर वर्षे कात्री, गोंद, सँडपेपर आणि पुढे गणित वापरले. मात्र इतिहासाच्या अभ्यासकाला दोन गोष्टींची भीती असते. न पुसलेली रेषा तो जुनी भिंत समजून बसेल, आणि ती पुसताना खरी भिंतच पुसली जाईल. ही भीती कोठून येते आणि तिच्यावर उपाय काय, हे क्रमाने पाहू.

२/
सुरुवात न्यूयॉर्कपासून. ऑगस्ट १९२१ मध्ये शर्मन फेअरचाइल्ड यांच्या कंपनीने मॅनहॅटन बेटावरून विमान नेले आणि सुमारे १०,००० फुटांवरून सरळ खाली रोखलेल्या कॅमेऱ्याने छायाचित्रे घेतली. अशी सुमारे १०० छायाचित्रे जोडून संपूर्ण बेटाचा एकच नकाशा तयार झाला. पुढे १९२४ साली याच कंपनीने शहराच्या मुख्य अभियंत्याच्या देखरेखीखाली न्यूयॉर्कच्या पाचही विभागांचे असे जोडचित्र सिद्ध केले. आज त्या काळचे शहर अभ्यासणारे लोक त्यावर एकेक गल्ली आणि एकेक छप्पर शोधतात. अशा चित्राला ‘मोझॅक’ म्हणतात. आपण त्याला जोडचित्र म्हणू.

३/
एकच कॅमेरा, एकच दिवस, एकच शहर. मग शेजारच्या दोन चित्रांचा उजळपणा वेगळा का? पहिले कारण भिंगातच आहे. रुंद क्षेत्र टिपणाऱ्या भिंगातून कडेपर्यंत पोहोचणारा प्रकाश मध्यापेक्षा कमी असतो. साध्या भिंगात हा प्रकाश कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात घटतो. मध्यरेषेपासून ३० अंशांवर तो केवळ ५६ टक्के उरतो. म्हणजे एकसारख्या रंगाच्या शेताचे चित्र घेतले तरी त्याचे कोपरे काळवंडलेले दिसतील.

४/
दुसरे कारण सूर्य. सूर्य आपल्या पाठीशी असताना समोरच्या झाडांच्या सावल्या झाडांमागेच लपतात आणि शेत उजळ दिसते. सूर्य समोर असला तर सावल्या आपल्या बाजूला येतात आणि तेच शेत काळपट भासते. विमान पुढे सरकते तसे एकच शेत आधी चित्राच्या एका कडेला आणि नंतर दुसऱ्या कडेला येते, म्हणजे दोन चित्रांत ते दोन वेगळ्या दिशांनी पाहिले जाते. त्यात विरळ ढगाची सावली, धुके, फिल्म धुण्यातील फरक आणि कागदावर प्रत काढतानाचा कमीअधिक प्रकाश मिळवा. ही चित्रे नुसती कडेला कडा लावून चिकटवली तर शहर गोधडीसारखे दिसते.

५/
हाताने जोडकाम करणाऱ्यांचे उपाय साधे पण नेमके होते. उड्डाणातच चित्रे एकमेकांवर येतील अशी घेतली जात. पुढे रूढ झालेला दंडक असा, की एकाच पट्ट्यातील लागोपाठच्या चित्रांत सुमारे ६० टक्के भाग सामाईक असावा आणि शेजारच्या दोन पट्ट्यांत सुमारे ३० टक्के. त्यामुळे प्रत्येक चित्राचा मधला, उजळ आणि कमी विकृत भाग वापरून कडा टाकून देता येई. फिकट आलेल्या चित्राची प्रत अंधारखोलीत अधिक प्रकाश देऊन पुन्हा काढली जाई, जेणेकरून ती शेजारच्या प्रतीशी जुळावी. मग कागदाचा वरचा थर हलकेच चिरून कड फाडायची, मागची बाजू सँडपेपरने घासून ती पातळ करायची, आणि गोंदाने चित्र फळीवर बसवायचे. कड पातळ असल्याने तिची स्वतःची सावली पडत नसे.

६/
खरे कौशल्य मात्र कात्री कोठून फिरवायची यात होते. सरळ रेषेत कापले की डोळा ती रेषा लगेच पकडतो. म्हणून काप रस्त्यावरून, बांधावरून, नदीच्या काठावरून नेला जाई, कारण तेथे उजळपणा मुळातच बदलतो आणि त्या बदलाच्या आड सांधा लपतो. मॅनहॅटनसारख्या ठिकाणी आणखी एक अडचण होती. उंच इमारत चित्राच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेला कललेली दिसते. वूलवर्थ इमारत २४१ मीटर उंच. १०,००० फुटांवरून, चित्राच्या मध्यापासून ८ सेंटीमीटरवर ती आली, तर तिचे शिखर पायथ्यापासून सुमारे ६ मिलिमीटर सरकलेले दिसेल, आणि शेजारच्या चित्रात ते उलट दिशेला सरकलेले असेल. सांधा इमारतीवरून गेला की इमारत मोडलेली दिसते. रस्त्यावरून गेला तर निभावते.

७/
आता संगणकाकडे वळू. चित्र अंकांत उतरले की प्रत्येक पिक्सेलला ० ते २५५ असा उजळपणा मिळतो. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. समजा, ‘अ’ आणि ‘ब’ ही दोन शेजारची चित्रे जागेवर अचूक बसवली आहेत. दोहोंत सामाईक असलेल्या पट्ट्यातील जमीन तर एकच आहे, म्हणून तेथील अंकही सारखे यायला हवेत. समजावण्यासाठी आकडे घेऊ. त्या पट्ट्यात ‘अ’ची सरासरी १२० आहे आणि अंकांचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, ३०. ‘ब’ची सरासरी १०० आणि पसारा २४. तर ‘ब’चा पसारा ‘अ’इतका करण्यासाठी गुणक हवा ३० भागिले २४, म्हणजे १.२५. १०० ला १.२५ ने गुणले की १२५ येतात; हवेत १२०, म्हणून ५ वजा करायचे. ‘ब’च्या प्रत्येक पिक्सेलला १.२५ ने गुणून ५ वजा केले की दोन्ही चित्रे जुळतात.

८/
यात एक मर्यादा दडलेली आहे. ‘ब’मधील एखादे चुनखडीचे छप्पर २२० असेल, तर १.२५ ने गुणून आणि ५ वजा करून ते २७० होते. पण पट्टी २५५ वरच संपते. २०८ च्या वरचे सगळे अंक एकच पांढरा रंग होऊन बसतात आणि छपरावरील बारकावे कायमचे जातात. म्हणून मधली सर्व आकडेमोड मोठ्या पट्टीवर करतात आणि शेवटी एकदाच ती ० ते २५५ मध्ये उतरवतात. जोडचित्रात चकाकत्या, सपाट पांढऱ्या जागा एकाच तुकड्यात गर्दी करून दिसल्या, तर हे घडले असावे असे समजावे.

९/
याहून मोठा धोका सामाईक पट्ट्यात काय आहे यावर ठरतो. समजा, पट्ट्याचा निम्मा भाग हडसन नदीवर येतो. ‘अ’मध्ये पाणी काळे, ६०. ‘ब’ घेताना सूर्याचे प्रतिबिंब थेट कॅमेऱ्यात आले आणि तेच पाणी २०० झाले. आता पट्ट्याची सरासरी ‘अ’मध्ये ९० आणि ‘ब’मध्ये १५०. संगणकाला वाटते की ‘ब’ फार उजळ आहे, आणि केवळ सरासऱ्यांच्या गुणोत्तराने जुळवणी केली तर तो ‘ब’ला ०.६ ने गुणतो. जमीन १०० वरून ६० वर उतरते, तर शेजारच्या ‘अ’मध्ये तीच जमीन १२० आहे. आधी २० अंकांचा फरक होता, दुरुस्तीनंतर तो ६० झाला. म्हणून पाणी, ढग आणि हलणारी वाहने आधी वगळावीत किंवा सरासरीऐवजी मध्यक घ्यावा, जो टोकाच्या अंकांनी सहजी ढळत नाही. अर्थात पट्ट्यात निम्मी नदी असेल तर मध्यकही वाचवत नाही. पाणी वगळावेच लागते.

१०/
आता भिंगाच्या काळवंडलेल्या कडा आठवा. शेजारच्या दोन पट्ट्यांचा सामाईक भाग दोन्ही चित्रांच्या कडेला असतो आणि तेथे दोन्ही चित्रे सारखीच अंधुक असतात. त्यामुळे सामाईक भाग तपासला तर तो उत्तम जुळतो, दुरुस्तीची गरजच दिसत नाही, आणि तरी पूर्ण चित्रावर उजळ-काळ्या पट्ट्यांची आवर्तने उमटतात. यावर उपाय आधी करायचा असतो. त्याच कॅमेऱ्याची पुष्कळ चित्रे घेऊन त्यांची पिक्सेलनिहाय सरासरी काढायची. घरे, शेते, रस्ते प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी असल्याने सरासरीत विरून जातात, आणि मागे उरते ते भिंगाने टाकलेले सावट. त्या सावटाने प्रत्येक चित्राला भागले की कडा उजळतात. जुळवणी त्यानंतर.

११/
दोन चित्रांचे झाले, शंभरांचे काय? पहिल्याला प्रमाण मानून दुसरे जुळवले, दुसऱ्याला मानून तिसरे, असे पुढे गेलो तर चूक साठत जाते. प्रत्येक सांध्यावर एकाच दिशेने ५ टक्के चूक झाली तर दहा सांध्यांनंतर ती जवळजवळ ६३ टक्के होते. बेटाचे दक्षिण टोक नीट आणि उत्तर टोक भगभगीत, असे चित्र दिसते. म्हणून सर्व चित्रांचे गुणक एकत्रच शोधतात, सर्व सामाईक पट्ट्यांतील फरकांची एकूण बेरीज कमीत कमी होईल असे. येथे एक गंमत आहे. केवळ फरक कमी करा असे सांगितले तर गणिताला सर्वांत सोपे उत्तर सापडते: सगळे गुणक शून्य. सगळी चित्रे काळी, फरक शून्य! २००७ साली मॅथ्यू ब्राउन आणि डेव्हिड लो यांनी चित्रे जोडण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात म्हणून प्रत्येक गुणकाला १ च्या जवळ राहण्याची ओढ लावलेली आहे.

१२/
एवढे करूनही सांध्यावर थोडा फरक उरतोच. मग जुन्या कारागिरांचेच दोन प्रश्न संगणकासमोर उभे राहतात: कापायचे कोठून आणि कड किती पातळ करायची? पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९७५ साली डेव्हिड मिलग्रॅम यांच्या जोडचित्रांवरील निबंधात मिळते. सामाईक पट्ट्यात दोन्ही चित्रे जेथे एकमेकांशी सर्वाधिक जुळतात, तेथून सांधा वळवत न्यायचा. रस्त्यावरून कात्री फिरवण्याच्या शहाणपणाचेच हे गणिती रूप. सांधा वाकडा होतो, पण दिसत नाही.

१३/
दुसरा प्रश्न अधिक अवघड. सांध्याच्या दोन्ही बाजूंना चित्रे हळूहळू एकमेकांत मिसळली तर उजळपणाची पायरी उतार बनते. पण मिसळण्याचा पट्टा रुंद ठेवला, तर किंचित न जुळलेली घरे दुहेरी, भुतासारखी दिसतात. पट्टा अरुंद ठेवला, तर पायरी पुन्हा दिसू लागते. १९८३ साली पीटर बर्ट आणि एडवर्ड अॅडेलसन यांनी या पेचातून वाट काढली. त्यांनी प्रत्येक चित्र थरांत विभागले: एका थरात फक्त ढोबळ उजळपणा, पुढच्यात त्याहून बारीक आकार, शेवटच्यात कौलांच्या आणि कुंपणांच्या सूक्ष्म रेषा. ढोबळ थर रुंद पट्ट्यात मिसळायचा, सूक्ष्म थर अगदी अरुंद पट्ट्यात, आणि मग सर्व थर पुन्हा एकत्र करायचे. त्यांच्या निबंधातील अर्धे सफरचंद आणि अर्धे संत्रे यांचे एकजीव फळ आजही प्रसिद्ध आहे.

१४/
त्या फळाकडे आता इतिहासाच्या दृष्टीने पाहा. असे फळ जगात कोठेही नाही, आणि तरी सांधा शोधूनही सापडत नाही. जोडचित्रातील दोन तुकडे वेगळ्या महिन्यांचे असतील, एक पेरणीनंतरचा आणि एक कापणीनंतरचा, तर एकजीव झालेले ते दृश्य कोणत्याही एका दिवशी अस्तित्वात नव्हते. आज सह्याद्रीतील किल्ल्यांच्या तटबंदीचा माग उपग्रहचित्रांवर काढणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी हे पाहिले असेल: डोंगराची एक सोंड पावसाळी हिरवी आणि लगतची उन्हाळी पिवळी. तो सांधा निदान प्रामाणिक आहे. तो मिसळून टाकलेला असता, तर मधल्या उताराला आपण वनस्पतींचा खरा बदल समजलो असतो.

१५/
नेमके काय पणाला लागते याचे उत्तम उदाहरण इंग्लंडमधले आहे. मॅनहॅटनचा नकाशा झाला त्याच १९२१ साली ब्रिटिश हवाई दलाने स्टोनहेंजच्या परिसराची काही छायाचित्रे घेतली. ती पुढे ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांच्या हाती आली. १९२३ मध्ये त्यांना शेतांत दोन समांतर पुसट रेषा दिसल्या. स्टोनहेंजकडे जाणाऱ्या प्राचीन मार्गाच्या दोन्ही बाजूंचे ते बुजलेले चर होते. चरात भरलेल्या मातीत ओलावा अधिक टिकतो, त्यावरचे पीक निराळे वाढते आणि रेषा उमटते. क्रॉफर्ड यांनी त्याच वर्षी जमिनीवर खोदून चर खरोखरच आहेत याची खात्री करून घेतली. एव्हन नदीकडे जाणाऱ्या त्या मार्गाचा हरवलेला भाग असा सापडला. अशा रेषेचा आसपासच्या शेतापासूनचा फरक अगदी थोडा असतो, पुष्कळदा सांध्यावर उरणाऱ्या फरकाएवढाच. एकाला पुसायचे आणि दुसऱ्याला जपायचे, हे गणिताला आपोआप कळत नाही.

१६/
धोका विशेषतः ‘स्थानिक समतोल’ नावाच्या दुरुस्तीत आहे. यात चित्रावर एक चौकट फिरवतात आणि प्रत्येक चौकटीची सरासरी एकसारखी करतात. ढगांची सावटे त्याने छान जातात. पण दख्खनच्या काळ्या मातीत एखाद्या उजाड गावाची पांढर कल्पून पाहा: शतकानुशतकांची राख आणि पडक्या भिंतींची माती यांचा ३०० मीटर रुंदीचा फिकट डाग. चौकट २०० मीटरची असेल, तर डागाच्या मध्यावर चौकटीत पांढरीखेरीज काहीच नसते. गणित तिलाच सरासरी मानते आणि आजूबाजूच्या काळ्या रानाएवढी गडद करते. गाव दुसऱ्यांदा उजाड होते. उरते फक्त कडेने एक चमत्कारिक कडे. नियम सोपा आहे: शोधायच्या वस्तूपेक्षा चौकट कितीतरी मोठी हवी.

१७/
तर मग एखादी रेषा सांधा आहे की भिंत, हे ओळखायचे कसे? सांधा सर्व गोष्टींना सारखाच छेदतो. शेत, छप्पर, पाणी, रस्ता यांवरून तो बेफिकीर जातो. बुजलेल्या चराची रेषा पिकात दिसते आणि डांबरी रस्त्यावर नाहीशी होते. साध्या जोडकामातला सांधा चित्राच्या कडांना समांतर असतो आणि ठराविक अंतराने पुन्हा येतो. सांध्याच्या दोन बाजूंना सावल्यांची दिशा किंवा लांबी बदललेली दिसते, फिल्मचे कण जाड-बारीक होतात, एखादी नाव अर्धी कापलेली किंवा दोनदा आलेली आढळते. आणि सर्वांत भक्कम कसोटी: मूळ दोन चित्रे वेगवेगळी उघडा. रेषा सामाईक पट्ट्यात असून दोन्ही चित्रांत एकाच जागी असेल, तर तिला सांधा म्हणता येणार नाही. ती जमिनीवर आहे. एकाही मूळ चित्रात नसेल, तर ती जोडकामात जन्मली.

१८/
ही शेवटची कसोटी लावता येते ती मूळ चित्रे जपली असतील तरच. म्हणून जोडचित्र वापरताना आणि स्वतः तयार करताना तीन गोष्टी सोबत हव्यात: न सुधारलेली मूळ चित्रे, प्रत्येक चित्राला लावलेले गुणक, आणि सांधे कोठून गेले ते दाखवणारा एक साधा रेखानकाशा, प्रत्येक तुकड्याच्या तारखेसह. तो नकाशा जोडचित्रावर ठेवला की कोणता भाग कोणत्या दिवशी पाहिलेला आहे ते क्षणात कळते. दस्तऐवजाची नक्कल वाचताना आपण मूळ कोठे फाटले होते हे विचारतो. जोडचित्रालाही तोच प्रश्न विचारायचा.

धागा समाप्त. पुढच्या वेळी जोडचित्रावर संशयास्पद सरळ रेषा दिसली, तर तिचा फोटो खाली जरूर टाका, मात्र दोन्ही मूळ तुकड्यांसह. मग ती रेषा रस्त्यावरून जाते की रस्त्यापाशी थांबते, हे मिळून पाहू.